नमस्काराची रंगीत तालीम

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या घराच्या न्हाणीघरातून नळाचा आवाज बराच वेळ येत असेल, बादली भरून वाहत असेल आणि मगाचा आवाज मात्र एकदाही येत नसेल, तर खुशाल समजावं की आत अंघोळ चाललेली नाही. आत तालीम चालली आहे. आतल्या मुलीचं वय अकरा ते चौदाच्या मध्ये कुठेतरी, तोंडापुढे पाण्याचे शिंतोडे उडालेला आरसा, आणि आरशाला उद्देशून एकच वाक्य कधी हसून, कधी गंभीर होऊन, कधी मान किंचित कलती ठेवून. बाहेरून आई विचारते, ‘कुणाशी बोलतेस गं?’ आतून उत्तर येतं, ‘कुणाशी नाही!’ हे उत्तर अक्षरशः खरं असतं. ज्यांच्याशी बोलायचं आहे ती माणसं अजून तिच्या आयुष्यात यायची असतात. घराघरांत दर तीन-चार वर्षांनी आढळणाऱ्या या मुलीला लोक घाबरट म्हणतात, लाजाळू म्हणतात, आणि घरात मामा आलेला असेल तर तो ‘बिनधास्त बोलायचं, कुणी खात नाही’ असं सांगून चहा मागतो. या सगळ्यांचं निदान चुकलेलं आहे. दोष मुलीच्या स्वभावात नाही, मराठी भाषेत आहे. किंवा दोष हा शब्द जड वाटत असेल तर भाषेतल्या एका रिकाम्या जागेत आहे, असं म्हणू.

आधी ही मुलगी कुठून येते ते पाहू. ती बहुधा बदलीच्या पोटी जन्मलेली असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीचा जो २००५ सालचा कायदा आहे, त्यानुसार एका जागी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा. कायदा करणाऱ्यांनी हा हंगाम शाळांच्या सुट्टीशी जुळवला यात त्यांचा सद्हेतू दिसतो, पण हिशेब मांडला तर पहिली ते दहावी या दहा वर्षांत अशा घरातल्या मुलीच्या वाट्याला तीन नव्या शाळा येऊ शकतात, म्हणजे तीन पहिले दिवस. टेम्पोतून कपाट उतरतं, गॅसचा नंबर लागतो, शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वडील चार फेऱ्या मारतात आणि जूनच्या मध्यावर (विदर्भात उन्हाच्या कृपेने थोडं उशिरा) शाळा उघडते. त्या दिवशी पुष्कळ शाळांत प्रवेशोत्सव असतो. पहिलीत आलेल्या पोरांना गुलाबाचं फूल मिळतं, नवी पुस्तकं मिळतात, एखादा पाहुणा त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो. ती पोरं रडत असतात, म्हणून त्यांचं स्वागत होतं. आठवीत नव्याने आलेली मुलगी रडत नाही, म्हणून तिला फूल नाही. तिला शिपाई लांबूनच बोट दाखवतो: ‘वरचा मजला, डावीकडं.’ स्वागताची सगळी व्यवस्था तिने स्वतःच करायची असते, आणि म्हणून नळ सोडून ठेवावा लागतो.

तिला लाजाळू म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, की लाजाळू माणूस काय करतो? तो प्रसंग टाळतो. पोट दुखतंय म्हणतो, पाऊस आहे म्हणतो, दाराआड उभा राहतो. ही मुलगी यातलं काही करत नाही. उलट जो प्रसंग आयुष्यात एकदाच आणि फार तर वीस सेकंद घडायचा आहे तो ती आदल्या चार दिवसांत साठ-सत्तर वेळा घडवून आणते. समोरच्या मुलीचं कामही तीच करते, त्या मुलीला एक वेणी देते, चष्मा देते, चांगला स्वभाव देते, आणि तिच्या तोंडी वाक्यही घालते. धाकटा भाऊ सापडला तर त्याला पाच रुपयांच्या बोलीवर समोर बसवते. भाऊ पहिल्याच फेरीत ‘तू कोण? मी नाही ओळखत’ असं म्हणून नाटक उधळून देतो आणि पाच रुपये मात्र मागतो. पण तरी ती हटत नाही. याला भित्रेपणा म्हणायचं तर पहाटे उठून हद्द पाहून येणाऱ्या सेनापतीलाही भित्रा म्हणावं लागेल.

आता ती नेमकं काय घोकते ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुरावा तिथेच आहे. समजा तिचं नाव मृण्मयी पाटील, गाव कोल्हापूर, वडिलांची बदली पुण्याला, इयत्ता आठवी. पहिला मसुदा असतो, ‘नमस्कार, माझं नाव मृण्मयी पाटील.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि आरशात म्हणून पाहिल्याबरोबर असं वाटतं की यापुढे हवामानाचा अंदाज सांगावा लागणार. नमस्कार हा वडीलधाऱ्यांना करायचा, देवाला करायचा, किंवा व्यासपीठावरून समोरच्या अंधाराला करायचा. तेरा वर्षांच्या मुलीने तेरा वर्षांच्या मुलीला नमस्कार केला तर समोरची मुलगी मागे वळून आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते पाहील. दुसरा मसुदा ‘हॅलो’. पण हॅलो म्हटलं की हात आपोआप कानाकडे जातो. ते बरोबरच आहे, कारण हा शब्द जगभर टेलिफोनने पोचवला. खुद्द टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलला खलाशांचा ‘अहॉय’ पसंत होता, एडिसनने ‘हॅलो’ची तरफदारी केली आणि एडिसन जिंकला. नाही तर आपले आजोबाही फोन उचलून ‘अहॉय, कोण बोलतंय?’ म्हणाले असते. तर तेही बाद. तिसरा मसुदा ‘काय गं’. हा शंभर नंबरी मराठी, पण यात एक अट लपलेली आहे: ‘काय गं’ म्हणायला आधीची ओळख लागते. अनोळखी मुलीला दारातून ‘काय गं’ म्हटलं तर ते अभिवादन राहत नाही, भांडणाची नांदी होते. राम राम आहे, जय भीम आहे, जय महाराष्ट्र आहे, पण ही सगळी मोठ्यांची अभिवादनं. शिवाय प्रत्येकाला आपापला गोतावळा आणि इतिहास आहे, आणि आठवी ब मध्ये शिरताना मुलीला इतिहास नको असतो, एक रिकामा बाक हवा असतो. म्हणजे मोठ्यांनी मोठ्यांना, लहानांनी मोठ्यांना आणि ओळखीच्यांनी ओळखीच्यांना भेटताना काय म्हणावं याची मराठीत रेलचेल आहे. लहानाने अनोळखी लहानाला काय म्हणावं, याचा शब्दच नाही.

यावर कुणी म्हणेल, की ही अडचण आता उरलेली नाही, मुलं सर्रास ‘हाय’ म्हणतात. म्हणतात खरी. पण ‘हाय’ हा शब्द एकटा येत नाही, तो हात घेऊन येतो, आणि खरी पंचाईत त्या हाताची आहे. हात खांद्याच्या वर नेला तर बस थांबवल्यासारखं होतं, कमरेशी ठेवून नुसती बोटं हलवली तर लपवून काही तरी दाखवल्यासारखं होतं. मृण्मयीने हे दोन्ही करून पाहिलेलं असतं. त्यातूनही हात जमला, तरी ‘हाय’ला पुढे रस्ता नाही. समोरची ‘हाय’ म्हणते, आपण ‘हाय’ म्हटलेलंच असतं, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. उसनवारीच्या शब्दाचं हे असंच असतं. शब्द मिळतो, त्याच्यामागचं वाक्य मिळत नाही.

पण मग पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलींच्या मैत्रिणी झाल्याच नाहीत का? झाल्या, आणि भरपूर झाल्या. त्या कशा झाल्या, हे मृण्मयीला सुचत नाही कारण ते तिच्या नाकासमोर आहे. मराठी माणूस अभिवादन करत नाही. तो प्रश्न विचारतो. एसटीच्या फलाटावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘काय, निघालात वाटतं?’ असं विचारतात. भाजीची जुडी पिशवीतून डोकावत असताना ‘मंडईतून का?’ म्हणून चौकशी होते. दुपारी दोन वाजता ‘जेवण झालं का?’ म्हणणारा झालं नसेल तर वाढणार नसतो. उत्तराची कुणालाच गरज नसते, आणि खोटं उत्तर दिलं तरी चालतं. मालिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आले आणि १९२३ साली त्यांनी एका निबंधात लिहिलं की अशा बोलण्याचं काम माहिती देणं हे नसतंच. दोन माणसांमधली शांतता मोडणं एवढंच त्याचं काम. अनोळखी माणसाचं गप्प राहणं हे माणसाला अस्वस्थ करतं, म्हणून काही तरी बोलायचं. या बोलण्याला त्यांनी शास्त्रीय नावही दिलं. आपल्या फलाटावर ते बिननावाचंच चालू आहे. तेव्हा मराठी मुलीने मराठी मुलीला करायचं अभिवादन म्हणजे ‘इथं कुणी बसलंय का?’ हे आहे. बाक रिकामा आहे हे दोघींना दिसत असतं. म्हणूनच तो प्रश्न अभिवादन ठरतो. गंमत अशी की मृण्मयीच्या तालमीत हे वाक्य एकदा येऊन गेलेलं असतं, चौथ्या की पाचव्या मसुद्यात, आणि ‘हे काय, ही तर नुसती चौकशी झाली’ असं म्हणून तिने ते खोडलेलं असतं.

तालमीतला बहुतेक वेळ मात्र अभिवादनाच्या शब्दाने खाल्लेला नसतोच. तो खाल्लेला असतो एका क्रियापदाने. कोल्हापूरकडच्या पुष्कळ मुली स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आई तसं म्हणते, आजी तसं म्हणते, गल्लीतली प्रत्येक मैत्रीण तसं म्हणते. पुण्यात मुली ‘आले’ म्हणतात. नागपूरला गेलं तर ‘मी आली’ कानावर पडतं, आणि कोकणातल्या काही घरांत अजून ‘आल्ये’ जिवंत आहे. चारही बायाच, चारही आलेल्याच, पण प्रत्येकीची येण्याची तऱ्हा वेगळी. यातली ‘आले’ तेवढी पाठ्यपुस्तकात बसली, त्यामुळे उरलेल्या तिघींना वर्गात हसतात. मृण्मयीला हे ठाऊक आहे, कारण मे महिन्यात पुण्याच्या आतेबहिणीने तिला फोनवर ‘परत म्हण ना, परत म्हण’ करून छळलेलं आहे. म्हणून नळाच्या आवाजाखाली जे वाक्य चाळीसदा घोटलं जातं ते हे: ‘मी कोल्हापूरहून आले.’ आले. आले. आले. पंचविसाव्या वेळेला त्या शब्दाचा अर्थच उडून जातो आणि तो चहात घालायचा पदार्थ वाटायला लागतो. तरी ती घोटत राहते. तिचा नमस्कार म्हणजे खरं तर हे एक अक्षर आहे, लो-च्या जागी ले.

मग तो दिवस उजाडतो, आणि एकेक मसुदा गळत जातो. बाईंना करायचा नमस्कार आधी पडतो. कोल्हापूरला त्या ‘बाई’ होत्या, इथे ‘मॅडम’ आहेत हे जिन्यातच कळतं. दुरुस्त केलेलं ‘नमस्ते मॅडम’ ओठांवर येईपर्यंत मॅडम वर्गात शिरतात, एक मॉनिटर ‘एक साथ’ म्हणून हाळी देतो आणि सगळा वर्ग उभा राहून ‘न-म-स्ते’ असं तीन वाव लांब सुरात म्हणतो. त्या सुरात कुठला नमस्कार कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. चार दिवसांची मेहनत त्या गजरात कुठे विरघळली तेही कळत नाही. मग हजेरी. नाव काय सांगायचं याची तालीम झालेली असते, पण नाव पुकारल्यावर काय म्हणायचं याची झालेली नसते. जुन्या शाळेत ‘हजर’ म्हणायचे. इथे ‘प्रेझेंट मॅडम’ आहे. ते ऐकून ऐकून ती मनात पाठ करते, कारण नव्या नावाची जागा यादीच्या तळाशी. पण तिचं नाव यादीत आलेलंच नसतं. ‘नवीन कोण आहे गं? नाव सांग.’ हाच तो क्षण, ज्याच्यासाठी नळ वाहिला. मृण्मयी पुढे होते आणि एवढा वेळ कानावर जे पडत होतं त्याच चालीवर खणखणीत सांगते, ‘पाटील मृण्मयी सुरेश!’ आडनाव आधी, बापाचं नाव शेवटी, नमस्कार नाही, स्मित नाही, आणि मान सरळ. वर्गात आधीच्या दोन पाटील असतात. त्या दोघी वळून बघतात.

मग ही सगळी तालीम वाया गेली, असा आक्षेप इथे येणारच, आणि तो सोपा नाही. माझं म्हणणं असं की ती चुकीच्या जागी लागू केलेली होती. एमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने फोनवरच्या सुमारे ५०० संभाषणांच्या सुरुवाती तपासल्या आणि १९६८ साली त्यावर लिहिलं. त्याला पहिला नियम असा दिसला की फोन उचलणारा आधी बोलतो. एकच उदाहरण त्यात बसेना, तिथे फोन करणाराच आधी बोलला होता. त्या एका उदाहरणापायी त्याने नियम पुन्हा मांडला: पहिली हाक फोनच्या घंटेने आधीच दिलेली असते, आणि उचलणारा जे बोलतो ते त्या घंटेचं उत्तर. हे फोनबद्दल आहे, पण दारात उभी असलेली नवी मुलगी म्हणजे दुसरं काय असतं? कोऱ्या दप्तराची, इस्त्रीच्या घड्या दिसणाऱ्या गणवेशाची, रिबनी जरा जास्तच घट्ट बांधलेली ती एक वाजणारी घंटा असते. तिचं बोलून झालेलं असतं. आता पाळी वर्गाची. आणि वर्ग आपल्या पद्धतीने, म्हणजे मराठी पद्धतीने, ज्याचं उत्तर सगळ्यांना दिसतंय असा प्रश्न विचारतो: ‘तू नवीन आहेस का?’ याला उत्तर एकच आहे, ‘हो.’ सत्तर फेऱ्यांच्या तालमीतून शेवटी एकाक्षरी शब्द उरतो, आणि तोही भूमिकेत नसलेला. तरी मी तालमीला वाया गेली म्हणणार नाही. ‘नमस्कार, माझं नाव’ हे आरशासमोर म्हणून झाल्यामुळे ते वर्गात म्हणावंसं वाटत नाही. साठ वाईट वाक्यं घरी जिरून गेल्यामुळे दारात तोंड रिकामं असतं. रिकाम्या तोंडातून ‘हो’ फार चांगला निघतो.

मुलांचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: मुलंही तालीम करतात, पण कबूल करत नाहीत, आणि त्यांच्याकडे चेंडू असतो. चेंडू पायाशी आला की तो परत मारायचा, झालं अभिवादन. मुलींना त्याच वयात ‘ग्राउंडवर फार धावू नको’ असं सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यांना सगळं तोंडानेच करावं लागतं. या विषयावर जास्त लिहिलं तर विनोद राहणार नाही.

तर ‘हो’ झाल्यावर दुसरा प्रश्न येतो, खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीकडून: ‘कुठून आलीस?’ इथे ते घोटलेलं क्रियापद आयतं कामाला यायचं, पण मराठीत या प्रश्नाला क्रियापदाशिवायही उत्तर देता येतं आणि घाईत सगळे तसंच देतात. मृण्मयी म्हणते, ‘कोल्हापूरहून.’ बस्स. ‘आले’ जिभेवर तसंच राहतं, न वापरलेल्या सुट्ट्या पैशांसारखं. खिडकीजवळची सरकते, दप्तर मांडीवर घेते, म्हणजे बाक मिळाला. तीन तास काही होत नाही. गणिताच्या सरांनी घातलेलं उदाहरण कोल्हापूरच्या शाळेत झालेलं आहे हे दोघींच्या लक्षात येतं आणि एक वही डावीकडून उजवीकडे सरकते. मग मधल्या सुट्टीची घंटा होते, डबे उघडतात, बंद होतात, आणि खिडकीजवळची उठता उठता सहज म्हणते, ‘पाणी प्यायला येतेस?’

‘येतो की!’ मृण्मयी म्हणते.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसतं. खिडकीजवळची मात्र हसत नाही. ती बाटली हातात धरून थांबते, डोळे मोठे करते आणि म्हणते, ‘काय म्हणालीस? परत म्हण ना.’ आतेबहीणही असंच म्हणाली होती, पण हिचा सूर निराळा आहे. हिला तो शब्द हवा आहे. मृण्मयी तिच्याकडे बघते, आवंढा गिळते आणि दुसऱ्यांदा ‘येतो की’ म्हणते. पण ते आता पहिल्यासारखं निघत नाही, जरा अडखळतं, शेवटचा ‘की’ तर पार पडूनच जातो. या वाक्याची तालीम झालेली नसते.